दोन ऑफर लेटरं आणि आण्णांची वही

"काका, जरा घरला येता का? आण्णा म्हणत्यात, तुम्ही बघितल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही."

जून २०२४ मधली संध्याकाळ. शेजारच्या गल्लीतला मुलगा दारात उभा होता आणि त्याच्या हातात दोन कागद होते. जयसिंगपूर हे गल्ल्यांना नंबर असलेलं आखीव गाव. इथे कुणाच्या पोराला नोकरी लागली की ती बातमी पहिल्या गल्लीपासून शेवटच्या गल्लीपर्यंत पोचायला तास लागत नाही. या मुलाच्या नोकरीची बातमी दुपारीच पोचली होती आणि ती अशी होती: "पुण्याला लागला, चार वीस पॅकेज."

मी एका कारखान्यात एकतीस वर्षं पगारपत्रकं केली. कुणाच्या पगारात काय मिळवायचं, काय कापायचं, हेच माझं काम. निवृत्त झाल्यापासून गल्लीतली बरीच पोरं पहिलं ऑफर लेटर घेऊन माझ्याकडे येतात. त्यातली ही एक गोष्ट सांगतो. मुलाचं नाव लिहीत नाही, दोन्ही कंपन्यांचीही लिहीत नाही. आकडे मात्र त्या कागदांवरचे आहेत, कारण सांगण्यासारखं जे आहे ते आकड्यांतच आहे.

घरात शिरलो तेव्हा सगळी बसलेली होती. आण्णा, म्हणजे मुलाचे वडील, मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानात दिवाणजी. डोळ्यांना कमी दिसू लागल्यापासून अर्धा दिवसच जातात आणि महिन्याला ८,००० रुपये आणतात. आईला साखर आणि थायरॉईड, दोन्हीच्या गोळ्या. बहीण बारावीला, तिला फार्मसीला जायचं आहे. आज्जी भिंतीला टेकून. मुलगा मेकॅनिकल इंजिनिअर झालेला, शिक्षणाच्या कर्जाचे तीन लाख बाकी, आणि हप्ते सुरू व्हायला थोडेच महिने उरलेले. सात वर्षांत फेडायचं तर दहा टक्के व्याजाने महिना जवळपास पाच हजारांचा हप्ता बसतो. कुणी काही बोलत नव्हतं, पण प्रत्येकाची नजर त्या दोन कागदांवर होती.

पहिलं पत्र चाकणच्या एका कंपनीचं. वाहनांचे सुटे भाग बनवणारी, मोठी. पद ग्रॅज्युएट इंजिनिअर ट्रेनी, सीटीसी वर्षाला ४,२०,०००. सोमवारपर्यंत मेलवर होकार, एक जुलैला हजर. दुसरं पत्र हातकणंगल्याजवळच्या एका फाउंड्रीचं, गुणवत्ता विभागात. महिना ग्रॉस २०,५००. मालकांच्या मुलाने फोनवर सांगितलं होतं, शनिवारपर्यंत कळवा.

आण्णांनी आपल्या वहीत दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहून ठेवले होते: ३५,००० आणि २०,५००. चार लाख वीस हजाराला बाराने भागलं की पस्तीस येतात, म्हणून ते पस्तीस. दिवाणजीच्या हिशेबात चूक नव्हती. पण ते दोन आकडे शेजारी लिहिण्यासारखे नव्हतेच, आणि इथेच बहुतेक घरांची फसगत होते.

सीटीसी म्हणजे कॉस्ट टू कंपनी. एक माणूस ठेवण्यासाठी कंपनीचा वर्षभरात जो काही खर्च होईल, तो सगळा. त्यातला काही भाग पगार म्हणून हातात येतो, काही पुढे कधीतरी येतो, काही येईलच असं नाही, आणि काही मुलाच्या खिशात कधीच येत नाही. ग्रॉस म्हणजे दर महिन्याच्या पगारपत्रकातली कपातीआधीची रक्कम. बाजारात कुणी एका दुकानात गोणीसकट वजन सांगितलं आणि दुसऱ्यात निव्वळ मालाचं, तर आण्णा त्या दोन वजनांची तुलना करणार नाहीत. मी त्यांना हेच सांगितलं आणि त्यांना ते लगेच पटलं. "म्हणजे कडता काढायचा," ते म्हणाले.

मग आम्ही कडता काढायला बसलो.

चाकणच्या पत्रासोबत दुसऱ्या पानावर तक्ता होता. मुलाने तो पाहिलाच नव्हता, कारण पहिल्या पानावर आकडा ठळक छापला होता. तक्त्यात मूळ वेतन महिना १५,०००, घरभाडे भत्ता ७,५००, इतर भत्ता ६,०००. बेरीज २८,५००. वर्षाचे होतात ३,४२,०००. मग ४,२०,००० पर्यंतचे उरलेले ७८,००० कुठे? ४२,००० व्हेरिएबल पे, म्हणजे वर्षअखेर कंपनीची आणि कामगाराची कामगिरी पाहून मिळणारी रक्कम. २१,६०० कंपनीचा भविष्यनिर्वाह निधीतला हिस्सा. ८,६५८ ग्रॅच्युइटी. ५,७४२ आरोग्य विम्याचा हप्ता.

या चारांपैकी प्रत्येकाचा स्वभाव निराळा आहे. पीएफचे २१,६०० खरे आहेत, पण ते आज हातात येत नाहीत. त्यातही पंधरा हजार मूळ वेतनावर कंपनी महिन्याला जे १,८०० भरते, त्यातले १,२५० पेन्शन योजनेकडे जातात आणि ५५०च मुलाच्या पीएफ खात्यात पडतात. ग्रॅच्युइटी सलग पाच वर्षं नोकरी झाल्यावर मिळते. दर वर्षाला पंधरा दिवसांचं वेतन, महिना सव्वीस दिवसांचा धरून. दोन-तीन वर्षांत दुसरीकडे जायचा विचार असेल तर सीटीसीतले हे आठ हजार कागदावरच राहतात. व्हेरिएबलबद्दल तक्त्याखाली बारीक अक्षरात एक ओळ होती: रक्कम देण्याच्या तारखेला जो कामावर असेल त्यालाच. म्हणजे मार्चअखेर वर्ष संपलं, पैसे जुलैत द्यायचे ठरले आणि मुलगा जूनमध्ये सोडून गेला, तर काही नाही. विम्याचा हप्ता तर विमा कंपनीकडेच जातो.

२८,५०० मधून मुलाचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० वजा केले. हातात २६,५००. आण्णांनी पस्तीसवर आडवी रेघ मारली आणि खाली साडेसव्वीस लिहिले. आईने विचारलं, "म्हणजे त्यांनी खोटं लिहिलंय?" खोटं नव्हतं. सगळं त्या कागदावर होतं, दुसऱ्या पानावर. पण ज्या घराने आजवर आठ हजारांचा पगार रोख मोजून घेतला, त्या घराला पहिल्या पानावरचा आकडा हाच पगार वाटणार, हे लिहिणाऱ्यांनाही ठाऊक असतं.

आता फाउंड्रीचं पत्र. ग्रॉस २०,५००, त्यात मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १४,०००. पीएफ बारा टक्क्यांनी १,६८०. व्यवसाय कर २००. आणि एक कपात चाकणच्या पत्रात नव्हती ती: ईएसआय, पाऊण टक्का, १५४ रुपये. हातात १८,४६६. शिवाय दिवाळीला ८.३३ टक्के बोनस. हा आकडा विचित्र वाटतो, पण एकाला बाराने भागलं की तोच येतो, म्हणजे वर्षाला एका महिन्याचं वेतन. फाउंड्री तो पूर्ण चौदा हजारांवर देत होती, हे मुलाने फोन करून विचारून घेतलं.

साडेसव्वीस आणि साडेअठरा. आठ हजारांचा फरक. अजूनही पुणं पुढेच होतं, आणि बहिणीचा चेहरा खुलला. तिच्या मैत्रिणींना तिने सांगून टाकलेलं असणार.

पण पगार आणि उरणारा पैसा या दोन गोष्टी आहेत. मुलाचा एक वर्गमित्र मोशीत राहत होता, त्याला स्पीकरवर फोन लावला. तिघांत फ्लॅट, वीज धरून माणशी ५,५००. दोन वेळची मेस ४,०००. सकाळचा चहा-नाश्ता आणि सुट्टीच्या दिवशीचं बाहेरचं १,५००. कंपनीची बस होती, तो खर्च नाही. महिन्यातून दोनदा गावी यायचं तर १,८००. फोन, कपडे धुणं, सटरफटर ७००. बेरीज १३,५००. म्हणजे उरले १३,०००. इकडे घरी राहून हातकणंगल्याला जायचं तर मिरज-कोल्हापूर पॅसेंजरचा पास आणि स्टेशनवरून वडाप मिळून ९००, खिशाला १,५००. आई म्हणाली, घरी जेवायचे कसले पैसे. मी आग्रहाने २,००० धरायला लावले, कारण तो खर्च होतोच, फक्त तो आण्णांच्या खिशातून होतो. उरले १४,०६६.

तेरा आणि चौदा. खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही. आण्णांनी बेरीज पुन्हा करून पाहिली.

हा हिशेब सगळ्यांचा असाच येईल असं मुळीच नाही. पुण्यात मामाकडे राहायची सोय असती तर पुण्याचे वीस हजार उरले असते. गाव आडबाजूला असतं, रोजचा प्रवास दोन तासांचा असता तर गावची नोकरी परवडली नसती. मला एवढंच दाखवायचं होतं की या घराच्या बाबतीत पैशाने निकाल लागत नव्हता. पैसा बाजूला झाला की मग कागदातल्या इतर ओळी दिसू लागतात.

त्यातली पहिली ओळ बाँडची. चाकणच्या पत्रातलं नववं कलम: प्रशिक्षणाचा खर्च म्हणून, दोन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास १,००,००० रुपये भरावे लागतील. गावात दोन टोकाची मतं ऐकू येतात. एक, बाँड म्हणजे बेकायदा, कोर्टात टिकत नाही, खुशाल सही कर. दुसरं, बाँड म्हणजे बेडी. दोन्ही चूक. भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याचं २७ वं कलम सांगतं की एखाद्याला धंदा-व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार रद्दबातल. पण नोकरीत असतानाची बंधनं आणि लवकर सोडल्यास द्यायची वाजवी भरपाई ही वेगळी गोष्ट आहे, ती ७४ व्या कलमाखाली येते. करारात लिहिलेला आकडा ही वरची मर्यादा, मिळते ती वाजवी रक्कम. आमची ही बैठक झाली त्यानंतर, मे २०२५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या एका प्रकरणात तीन वर्षांच्या आणि दोन लाखांच्या अशा अटीला वैध ठरवलं. ते प्रकरण सरकारी बँकेचं होतं, तिला भरतीसाठी जाहिरात, परीक्षा हे सगळं करावं लागतं, हा मुद्दा न्यायालयाने धरला. प्रत्येक खासगी कंपनीच्या प्रत्येक बाँडला तो निकाल जसाच्या तसा लागू होतो असं नाही, पण "बाँडला काही अर्थ नसतो" असं सांगणाऱ्या माणसाचं ऐकून सही करू नये, एवढं तरी त्यातून नक्की निघतं.

मी मुलाला दुसऱ्या दिवशी चाकणला फोन करून तीन गोष्टी विचारायला सांगितल्या. बाँडची रक्कम महिन्यागणिक कमी होते का? मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेता का? आणि प्रशिक्षण नेमकं कसलं, किती दिवसांचं? एचआरमधल्या बाई सभ्यपणे बोलल्या. रक्कम कमी होत नाही, तेविसाव्या महिन्यात सोडलं तरी पूर्ण लाख. मूळ प्रमाणपत्रं फक्त पडताळून परत देतो. प्रशिक्षण पाच दिवसांचं, त्यात सुरक्षिततेचं आणि कंपनीची ओळख. दुसरं उत्तर चांगलं होतं. मूळ मार्कशीट कुणी मागून ठेवून घेतली तर तिथे जाऊच नये, मग पगार काहीही असो. ती परत मिळवताना मुलांचं वर्ष गेलेलं मी पाहिलं आहे. पहिलं आणि तिसरं उत्तर मात्र मला आवडलं नाही. पाच दिवसांच्या ओळखपरेडीचा खर्च लाख रुपये होत नसतो.

दुसरी ओळ आईच्या गोळ्यांची. ही मला स्वतःला सगळ्यांत मोलाची वाटली, आणि ती त्या १५४ रुपयांच्या कपातीत लपलेली होती.

ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विमा. महिना २१,००० पर्यंत वेतन असलेल्या कामगाराला तो लागू होतो. कामगाराचा पाऊण टक्का, मालकाचा सव्वातीन टक्के. त्या बदल्यात कामगाराला आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या घरच्यांना ईएसआयचे दवाखाने आणि रुग्णालयं यांतून औषधोपचार मिळतात. आई-वडीलही त्यात येतात, त्यांचं उत्पन्न महिना ९,००० च्या आत असेल तर. आण्णांचे आठ हजार त्या आत बसत होते. आईच्या गोळ्या-तपासण्यांचा महिन्याचा खर्च अठराशेच्या घरात होता. चाकणच्या विम्यात मुलगा स्वतः आणि लग्नानंतर बायको-मुलं होती. आई-वडिलांना घ्यायचं तर वेगळा हप्ता पगारातून, आणि तो विमा रुग्णालयात दाखल झाल्यावरचा, रोजच्या गोळ्यांचा नाही.

ईएसआयच्या मर्यादाही मी लपवल्या नाहीत. रांग असते, अर्धा दिवस जातो. ठरलेल्या दवाखान्यातच जावं लागतं, मोठं काही निघालं तर कोल्हापूरचं रुग्णालय गाठावं लागतं. एखादं औषध नसलं तर बाहेरून घेऊन बिल लावावं लागतं, आणि ते बिल मंजूर व्हायला वेळ लागतो. आणखी एक गोम आहे. पगार २१,००० च्या वर गेला की चालू सहामाही संपताच वर्गणी थांबते, आणि तिच्याशी जोडलेला लाभाचा काळ संपला की हे छत्र जातं. पाचशेची वाढ मिळाली म्हणून पेढे वाटणाऱ्या कामगाराला पुढे कधीतरी दवाखान्याच्या खिडकीवर ते कळतं. आमच्या कारखान्यात असे प्रसंग दर एप्रिलला यायचे, आणि त्या माणसांना समजावताना मला फार वाईट वाटायचं. म्हणून मी मुलाला सांगितलं, वाढीचं बोलशील तेव्हा एकतर एकवीसच्या आत राहा, नाहीतर एवढी वाढ माग की आईच्या औषधांचा खर्च त्यातून निघेल.

(इथे एक सांगून ठेवतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यांत वेतनाची व्याख्या बदलली आहे: भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरचा भाग वेतनातच धरायचा. आज पत्र हातात आलं असेल तर पीएफ, ग्रॅच्युइटी आणि ईएसआय कोणत्या रकमेवर मोजले आहेत, हे कंपनीकडूनच लेखी विचारून घ्या. माझे वरचे आकडे २०२४ चे आहेत.)

पण या सगळ्याच्या वर एक प्रश्न होता, आणि तो घरात कुणीच विचारला नव्हता. मुलगा दिवसभर करणार काय?

चाकणला त्याला असेंब्ली लाइनवर शिफ्ट सुपरवायझरच्या हाताखाली उभं राहायचं होतं. त्या वर्गमित्राने ओळखीतल्या एकाला फोन जोडून दिला, जो वर्षभरापूर्वी तिथून बाहेर पडला होता. नोकरीविषयी विचारायचं ते अशाच माणसाला, कारण आत असलेला घाबरून बोलतो आणि एचआरचं काम भरती करणं हेच असतं. तो म्हणाला, "काम वाईट नाही. पण दीड वर्ष मी किती नग झाले आणि कुठली माणसं आली नाहीत, हेच लिहीत होतो. दुसरीकडे मुलाखतीला गेलो, त्यांनी विचारलं, येतं काय? मला सांगता येईना."

फाउंड्रीत त्याला प्रयोगशाळेत बसायचं होतं. शनिवारी सकाळी आम्ही दोघं तिथे गेलो. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल आणि हातकणंगल्याच्या बाजूला ओतकामाचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या आहे, ऑईल इंजिनांच्या काळापासूनचा. आत उष्मा होता, धूळ होती, काळी वाळू चपलांत गेली. हे मी मुद्दाम लिहितो, कारण कामाची जागा पाहिल्याशिवाय होकार देऊ नये. तिथला मुख्य रसायनतज्ज्ञ पन्नाशीचा, गळ्यात चष्मा. त्याने स्पेक्ट्रोमीटरवर नमुना ठेवून दाखवला. भट्टीतल्या रसाचं एक छोटं नाणं ओतायचं, त्यावर ठिणगी पाडायची, मिनिटभराच्या आत कार्बन किती, सिलिकॉन किती, गंधक किती हे पडद्यावर येतं. त्यावरून ठरतं की भट्टी ओतायची की थांबायचं. मग वाळूची चाचणी: ओल किती, दाब किती सोसते, हवा किती जाऊ देते. ओल जास्त झाली तर तापलेला रस पडताच वाफ होते, ती वाफ धातूत अडकते आणि नगाच्या पोटात पोकळ्या राहतात. ब्लोहोल म्हणतात. बाहेरून नग गुळगुळीत दिसतो, मशीनवर कापला की भोक निघतं, आणि गिऱ्हाईक अख्खा ढीग परत पाठवतं.

मुलाने विचारलं, "एसजी आयर्नमध्ये मॅग्नेशियम घातल्यावर किती वेळात ओतायला लागतं?"

रसायनतज्ज्ञ त्याच्याकडे वळला. "साधारण दहा मिनिटं. त्यापुढं मॅग्नेशियम उडून जातं, गाठी नीट बनत नाहीत. कुठं वाचलंस?"

"प्रोजेक्ट केला होता."

परतताना गाडीत तो पहिल्यांदाच नीट बोलला. तीन वर्षं तिथे काढली तर मला काय येईल, हे मला सांगता येतंय काका, तो म्हणाला. रिजेक्शन का आलं हे शोधता येईल. माझ्या मते पहिली नोकरी निवडताना यापेक्षा मोठी कसोटी नाही. पगार पुढच्या नोकरीत वाढवता येतो. पहिली तीन वर्षं हजेरी लिहिण्यात गेली तर ती भरून काढता येत नाहीत, पुढच्या मुलाखतीत दाखवायला काहीच नसतं.

फाउंड्री लहान होती म्हणून एक तपासणी मी करून घेतली. लहान कारखान्यात पीएफ कापला जातो पण भरला जात नाही, असं घडतं. ईपीएफओच्या संकेतस्थळावर कुठल्याही आस्थापनेचं नाव टाकून तिने कुठल्या महिन्यात किती कामगारांचे पैसे भरले, हे पाहता येतं. मुलाने मोबाईलवर पाहिलं. दर महिन्याचा भरणा होता, कामगारांची संख्याही गेटवर दिसलेल्या माणसांशी जुळत होती. तसा नसता, तीन-चार महिन्यांचे खाडे दिसले असते, तर मी त्याला चाकणलाच जा म्हटलं असतं.

आणखी एक गोष्ट लेखी मागायला लावली. पत्रात "गुणवत्ता विभाग" एवढंच होतं. त्यात प्रयोगशाळाही येते आणि नग मोजून पेटीत भरणंही येतं. मालकांच्या मुलाने "मेटलर्जी आणि सँड लॅब" असं पेनाने लिहून सही केली. बाँड नव्हता, सोडायचं असल्यास एक महिन्याची सूचना.

घरी आलो तर सगळी पुन्हा तशीच बसलेली. मुलाने सांगितलं, फाउंड्री. आणि मला वाटलं होतं त्याच्या उलट झालं. आई रडली. पोरगं जवळ राहणार म्हणून तिला आनंद होईल असं मी धरलं होतं. ती म्हणाली, "माझ्या गोळ्यांसाठी राहतोयस व्हय? मग जा पुण्याला. माझं मी बघीन." आज्जी गप्प. बहिणीला मैत्रिणींना काय सांगायचं हा प्रश्न. आणि आण्णा खाली मान घालून म्हणाले, "लोक इचारत्याल. चार वीस सोडून वीस हजारावर ऱ्हायला म्हणत्याल. पुढं सोयरीक बघायची हाय."

याची दखल घ्यायलाच हवी. घरचे लोक वाट पाहत असतात ती फक्त पैशाची नसते. पोराला पुण्याचं पत्र आलं म्हणजे आपण त्याला शिकवलं ते फळाला आलं, हे त्यांना गावाला दाखवायचं असतं. अडत दुकानात पंचवीस वर्षं दुसऱ्याच्या मालाचा हिशेब लिहिणाऱ्या माणसाने तेवढी इच्छा धरली तर ती चूक नाही. तिला हसून किंवा आकडे दाखवून गप्प करता येत नाही.

मुलाने आईला उत्तर दिलं. तो म्हणाला, तुझ्या गोळ्या हे चौथं कारण आहे, आई. पहिलं कारण मला ते काम यायला पाहिजे. मग त्याने आण्णांच्या वहीतून एक पान घेऊन त्यांना पाच वर्षांचं मांडून दाखवलं. तीन वर्षं फाउंड्रीत, दर महिन्याला पाच हजारांचा हप्ता, वर पाच हजार बहिणीच्या फीसाठी बाजूला. तीन वर्षांनी, हात बसल्यावर, मोठ्या फाउंड्रीत अर्ज, मग ती कोल्हापुरात असो, पुण्यात असो की बेळगावात. त्याने पुणं नाकारलं नव्हतं. पुण्याला जाताना हातात काय घेऊन जायचं, एवढंच त्याने ठरवलं होतं.

दुसऱ्या एखाद्या मुलाला मी चाकण सांगितलं असतं. घरावर कर्ज नसेल, आई-वडील धडधाकट असतील, तिकडचं काम मुलाच्या शिक्षणाशी जुळणारं असेल आणि बाँड महिन्यागणिक उतरणारा असेल, तर गावात अडकून राहण्यात काही अर्थ नाही. या मुलाच्या बाबतीतही एक जोखीम आहे, ती मी त्याच्यापुढे ठेवली. लहान कारखान्यात पगारवाढ मालकाच्या मर्जीवर असते, आणि मंदी आली की ओतकामाच्या ऑर्डरी पहिल्या कमी होतात.

त्याने सोमवारी चाकणला नकाराचा मेल पाठवला, दोन ओळींचा, आभार मानून. होकार देऊन हजर न होणं हा वाईट प्रकार आहे. तीच माणसं पुढे दुसऱ्या कंपनीत भेटतात.

एक जुलैला सकाळच्या पॅसेंजरने तो हातकणंगल्याला गेला. ऑगस्टच्या सात तारखेला पहिला पगार झाला. संध्याकाळी आण्णा पगाराची स्लिप आणि आपली वही घेऊन माझ्या ओट्यावर आले, चष्मा पुसला आणि दोन्हीकडचे आकडे बोट ठेवून एकेक वाचले. पीएफ १,६८०. ईएसआय १५४. व्यवसाय कर २००. हातात १८,४६६. वहीतल्या आकड्याशी एक रुपयाचाही फरक नव्हता.